जेल, वॅक्स, क्ले की पोमेड? आधी केस बघा, मग डबा

प्रश्न : माझं वय २७. भुसावळजवळच्या गावात राहतो आणि जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला जातो. केस सरळ, बारीक आणि समोरून थोडे विरळ झालेत. कॉलेजपासून जेल लावतोय. सकाळी कोंबडा मस्त उभा राहतो, पण कारखान्यात दोन तास झाले की केस कपाळाला चिकटतात आणि खांद्यावर पांढरी पूड पडते. धाकटा भाऊ तोच डबा वापरतो, त्याचे जाड केस रात्रीपर्यंत हलत नाहीत. मित्र म्हणतो वॅक्स घे, सलूनवाला म्हणतो पोमेड घे, मोबाइलवर सगळे क्ले क्ले करतात. आई म्हणते, जेलनेच तुझे केस गेले, सगळं सोड आणि रोज तेल लाव. मे महिन्यात माझं लग्न आहे. या चौघांत सगळ्यात भारी कोणतं, जे दिवसभर टिकेल? केस भरलेले दिसावेत एवढीच इच्छा आहे.

उत्तर :

भाऊ, तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला केस भरलेले दिसायला हवेत. दिवसभर टिकणं ही वेगळी मागणी आहे, आणि गेली काही वर्षं तुम्ही पहिल्या मागणीसाठी दुसऱ्या मागणीचा माल घेताय. डब्यावर 'स्ट्राँग होल्ड' लिहिलेलं असतं म्हणून आपण तो घेतो. पण होल्ड म्हणजे केस एकमेकांना किंवा एका जागी धरून ठेवणं. बारीक आणि विरळ केस एकमेकांना घट्ट धरले की त्यांच्या जुड्या होतात आणि दोन जुड्यांच्या मधून टाळू दिसते. कपाशीचं रान जरा विरळ असलं तरी झाडं सुटी उभी असतील तर सरीतली माती फारशी दिसत नाही. तीच झाडं वाऱ्याने आडवी पडून एकमेकांत गुंतली की सगळी माती उघडी पडते. तुमच्या डोक्यावर जेल नेमकं हेच करतंय. सकाळी ओलं असताना कोंबडा उभा दिसतो, पण तेव्हाही उजेडात पुढून टाळू जास्तच दिसत असणार. घरातल्या कुणाला तरी खिडकीजवळ उभं राहून बघायला सांगा.

म्हणून 'चौघांत भारी कोणतं' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्याऐवजी आपल्या केसांना एकत्र बांधायचं आहे की सुटं ठेवायचं आहे, ते आधी ठरवा. जेल, पोमेड आणि वॅक्स कमीजास्त प्रमाणात केस एकत्र बांधतात. क्ले त्यांना सुटं ठेवते. भावाचे केस जाड आणि दाट आहेत, त्यांना बांधायची गरज आहे, म्हणून त्याला तो डबा लागू पडतो. तुम्हाला नाही पडत. यात तुमच्या केसांचं काही वाईट नाही आणि जेलचंही नाही.

आता जेल नेमकं काय करतं ते बघू, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. जेल म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेलं पॉलिमर. लेबलवर पीव्हीपी किंवा कार्बोमर अशी नावं दिसतील. कार्बोमरमुळे ते दाट होतं, आणि पीव्हीपीसारखं पॉलिमर पाणी उडून गेल्यावर केसांवर पातळ, कडक पापुद्रा बनवतं. हा पापुद्राच केस धरून ठेवतो. पण पाण्यात विरघळणारं पॉलिमर घामातही विरघळतं. कारखान्यात मशीनजवळ उभं राहिलात, कपाळावर घाम आला, की पुढच्या केसांवरचा पापुद्रा पुन्हा चिकट होतो, खाली सरकतो आणि केसांना कपाळावर घेऊन येतो. नंतर पंख्याखाली घाम वाळला की पापुद्रा परत कडक होतो. मग तुम्ही सवयीने हात फिरवता, कंगवा फिरवता, तो तुटतो आणि त्याचे तुकडे खांद्यावर पडतात. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की जेल वाळतंही झटकन आणि तुटतंही झटकन.

ती पांढरी पूड कोंडा आहे की जेल, हे घरच्या घरी कळतं. काळ्या शर्टावर पडलेली पूड बोटावर घ्या आणि पाण्याचा एक थेंब टाकून चोळा. बुळबुळीत, चिकट झाली आणि विरघळली तर ते जेल. तशीच खवल्यासारखी राहिली तर कोंडा. जेल असेल तर कोंड्याच्या शाम्पूवर पैसे घालवू नका. कोंडा असेल, खाज असेल, तर वरून काय लावायचं हा प्रश्न नंतरचा. आधी त्याचा इलाज.

आईंच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यांची काळजी खरी आहे. जेल केसांच्या वरच्या भागावर बसतं. केस उगवतो ती मुळी कातडीच्या आत असते, तिथे ते पोचत नाही, त्यामुळे जेलने मुळं जात नाहीत. वाळलेल्या जेलमधून जोराने कंगवा ओढला तर केस मधूनच तुटतात, तेवढं नुकसान होतं. पण तुमच्या वयात समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील किंवा भोवरा मोठा होत असेल, तर ते बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. त्यासाठी जळगावला किंवा भुसावळला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि लग्न होईपर्यंत थांबू नका. असे केस जितके लवकर दाखवाल तितके आहेत ते राखायची शक्यता जास्त असते. डॉक्टरांनी डोक्याला लावायचं औषध दिलं तर आधी औषध, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग बाकीचं.

तेलाचंही असंच. खोबरेल तेल वाईट नाही, फक्त वेळ चुकतेय. सकाळी तेल लावून त्यावर तुम्ही जेल लावत असाल तर पाण्याचं जेल तेलकट केसांवर धरतच नाही, त्याच्या गुठळ्या होतात. क्ले लावली तर तिची अर्धी ताकद ते तेल शोषण्यात जाते. आईंच्या हातचं तेल सुट्टीच्या आदल्या रात्री लावून घ्या आणि सकाळी शाम्पूने धुऊन टाका. त्यांचंही मन राहील, तुमचेही केस मोकळे राहतील.

मग पोमेड का नको? सलूनवाल्या दादांनी चुकीचं सांगितलं असं मी म्हणणार नाही. खुर्चीत बसून दहा मिनिटं तुमच्या डोक्यावर ते छानच दिसत असेल. पोमेडचं काम चमक देणं आणि केस मागे किंवा एका बाजूला चापून बसवणं. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या फोटोंमध्ये भांग पाडून चकाकणारे केस दिसतात, तो तसाच थाट. तेव्हा अनेक घरांत ब्रिलक्रीमची बाटली असायची. १९२८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला निघालेलं ते क्रीम म्हणजे पाणी, खनिज तेल आणि मधमाश्यांचं मेण यांचं मिश्रण. चमक आणि चापून बसणं या दोन्ही गोष्टी दाट केसांवर रुबाबदार दिसतात. विरळ केसांवर चमकीमुळे प्रकाश परत फिरतो आणि केसांच्या जोडीने टाळूही चमकते.

पोमेडचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोन्हीचे डबे सारखेच दिसतात. एक तेलाचं, ज्यात पेट्रोलेटम म्हणजे पेट्रोलियम जेली पुढे असते. दुसरं पाण्याचं, ज्याच्या लेबलवर पहिलं नाव ॲक्वा किंवा वॉटर असतं. लेबलवर घटक साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात, म्हणून पहिली चार-पाच नावं वाचलीत तरी पुरे. तेलाचं पोमेड खान्देशच्या उन्हाळ्यात माझ्या मते घेऊच नये. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं, पण पेट्रोलियम जेली त्याच्या किती तरी आधी सैल पडते. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांना टेकतो, आणि उन्हात उभ्या माणसाचे काळे केस हवेपेक्षा जास्त तापतात. मग ते पोमेड पातळ होऊन कपाळावर उतरतं. तिथे ते रंध्रं बुजवतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ उठतं. कपाळाच्या वरच्या काठावर आणि कानशिलांवरच फोड येत असतील, गालावर नसतील, तर तुमचा डबा तपासा. त्वचेच्या डॉक्टरांच्या ओळखीचा त्रास आहे हा. 'पोमेड ॲक्ने' म्हणतात त्याला.

वॅक्सची गोष्ट थोडी मधली आहे. त्यात मेण आणि तेल दोन्ही असतात. ते जेलसारखं वाळून कडक होत नाही, त्यामुळे दुपारी हाताने केस पुन्हा बसवता येतात आणि पूडही पडत नाही. मध्यम जाडीच्या, किंचित लाटा असलेल्या केसांना ते फार उपयोगी आहे. पण बारीक केसांना मेणाचं वजन झेपत नाही. सकाळी उभे केलेले केस दोन-तीन तासांत हळूहळू बसतात आणि तेलकट दिसू लागतात. मित्राचे केस कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने त्याला जे चाललं तेच सांगितलं असणार.

उरली क्ले, आणि तुमच्यासाठी माझं उत्तर तेच आहे. क्लेमध्ये खरोखरची माती असते, बेंटोनाइट किंवा केओलिन, आणि ती बांधायला थोडं मेण. माती दोन कामं करते. टाळूतून येणारं तेल शोषते, त्यामुळे केस जड होऊन बसत नाहीत. शिवाय तिचे बारीक कण प्रत्येक केसाला चिकटून त्याला खरबरीत करतात. गुळगुळीत केस एकमेकांवरून घसरून सपाट होतात, खरबरीत केस एकमेकांना टेकून उभे राहतात. त्याच खरबरीतपणामुळे प्रकाश विखुरतो, म्हणून चमक येत नाही. केसांना काही लावलंय हे समोरच्याला कळतही नाही. तुम्हाला हवा तो भरलेपणा असा मिळतो.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमचे केस खरंच बारीक आहेत का, ते पाहायला गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. काही धरलंय हे जेमतेम जाणवलं तर बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखं स्पष्ट जाणवलं तर जाड. भावाचाही एक केस तसाच फिरवून बघा, फरक लगेच कळेल. दुसरी तपासणी डब्याची, कारण वर क्ले लिहून आत नुसतं मेणकट तेल विकणारे बरेच आहेत. लेबलवर बेंटोनाइट किंवा केओलिन पहिल्या काही नावांत हवं. डबा उघडून दिला तर आतला पृष्ठभाग मंद, मातकट दिसला पाहिजे, आरशासारखा नाही. घरी आणल्यावर थोडीशी वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठावर चोळून अर्धा तास ठेवा. तेलाचं पोमेड कागदावर पसरून पारदर्शक डाग पाडतं, कागदाच्या मागचं बोट दिसतं. चांगल्या क्लेचा डाग जागच्या जागी राहतो आणि मध्ये पिठूळ थर उरतो. पहिल्यांदा लहान डबाच घ्या. वासामुळे कुणाकुणाला खाज सुटते, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस बघा.

आता लावायचं कसं, कारण क्ले चुकीची लावली तर जेलपेक्षा वाईट दिसते, आणि मग लोक डबा फेकून देतात.

केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसांवर क्ले लावली की माती पाण्यात कालवली जाते आणि केसांचा लगदा होतो. टॉवेलने पुसा, चोळू नका. मग ड्रायर मध्यम गरम ठेवून, केस ज्या दिशेला बसतात त्याच्या उलट दिशेला बोटांनी उचलत वाळवा. पुढचे केस डावीकडे पडत असतील तर उजवीकडे ढकलून वाळवा आणि शेवटी सोडा. निम्मा भरलेपणा इथेच येतो, क्ले फक्त तो टिकवते. ड्रायर नसेल तर पंख्याखाली मान खाली घालून बोटांनी मोकळे करा. वेळ लागतो, पण जमतं.

क्ले किती घ्यायची? तुमच्या केसांना तुरीच्या दाण्याएवढी. हो, एवढीच. नखाच्या मागच्या बाजूने खरवडून काढा, बोट खुपसून काढलीत तर चौपट येते. तळहातांवर दाबून चोळत राहा. आधी खरखर लागेल, मग ती उबेने सैल होईल आणि तळहातावर एकही गुठळी दिसणार नाही. गुठळी दिसत असेल तोवर हात डोक्याला लावायचा नाही. बोटांच्या मध्येही पसरवा.

आणि सुरुवात पुढून करू नका. आरशात पुढचे केस दिसतात म्हणून सगळेच तिथे आधी हात घालतात, आणि सगळ्यात जास्त माल नेमका सगळ्यात विरळ जागी बसतो. तुमचं जेल कपाळावर उतरण्यामागे हेही एक कारण असावं. आधी मागे, भोवऱ्याजवळ, मग माथा, मग दोन्ही बाजू, आणि हाताला उरलेलं शेवटी पुढे. बोटं मुळांपाशी घालून वर उचला, टोकांवर थापू नका. कंगवा नको, दातांच्या रेषा पडतात आणि त्या रेषांतून टाळू दिसते. कमी वाटलं तर आणखी अर्धा दाणा घ्या. जास्त झालं तर पांढुरके ठिपके दिसतात आणि केस हाताला जड लागतात. त्यावर पाणी मारू नका, कोरड्या टॉवेलने हलकं पुसून घ्या.

गाडीवर जाताना हेल्मेट घालणारच, आणि घालायलाच हवं. डोक्याला आधी पातळ सुती रुमाल बांधा, त्यावर हेल्मेट. कारखान्यात पोचल्यावर हात कोरडे करून बोटं मुळांत घालून केस उचला, क्ले पुन्हा उभी राहते. जेलच्या बाबतीत हे शक्य नसतं. एकदा पापुद्रा तुटला की तो पाण्याशिवाय जुळत नाही. मशीनजवळ घाम आला तर तो कपाळावरून टिपा, केसांवर रुमाल फिरवू नका. पावसात केस भिजले तर मात्र क्लेचा काही उपयोग नाही, त्या दिवशी ती धुऊनच निघणार. जुलै-ऑगस्टमध्ये गाडीवरून जाताना तिच्यावर भरवसा ठेवू नका.

धुण्याबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या भागात ती सांगावी लागते. बोअरचं पाणी जड असेल आणि तुम्ही अंगाच्या साबणानेच डोकं धुत असाल, तर साबण आणि पाण्यातले क्षार मिळून चिकट, राखाडी थर बनतो आणि तो केसांवर बसतो. मग केस धुतल्यावरही रखरखीत लागतात, आणि वरून लावलेली कोणतीही वस्तू नीट बसत नाही. साबण सोडा, शाम्पू घ्या. शेवटचं पाणी नळाचं किंवा शुद्ध केलेलं एखादं तांब्याभर मिळालं तर उत्तम.

आता लग्नाचा दिवस. मे महिना, गोरज मुहूर्त असेल तर दुपारपासून तयारी, डोक्यावर फेटा, कपाळाला मुंडावळ्या. फेट्याखाली तुमचे केस काही तास दबलेले आणि ओले राहणार. म्हणजे त्या दिवशी घट्ट धरणारी वस्तू नकोच, फेटा काढल्यावर पुन्हा उभी करता येणारी हवी. तिथेही क्लेच. हळदीच्या दिवशी डोक्याला तेल-हळद लागली असेल तर रात्रीच दोनदा शाम्पू लावून धुऊन टाका. सकाळी पुन्हा एकदा धुवा. कोणी 'नवरदेवाच्या डोक्याला थोडं तेल लावा' म्हणालं तर पायाला लावून घ्या आणि हसत पुढे सरका. फेट्याआधी क्ले अगदी थोडी, रोजच्या निम्मी लावा, म्हणजे फोटोत फेट्याच्या काठाबाहेरचे केस व्यवस्थित दिसतील. बाकीची डबी करवल्याकडे किंवा धाकट्या भावाच्या खिशात द्या, आणि एक छोटा सुती टॉवेल. फेटा उतरला की आधी डोकं टॉवेलने दाबून कोरडं करा, दोन मिनिटं पंख्यासमोर बसा, ड्रायर असेल तर गार हवेवर फिरवा. केस कोरडे झाल्यावरच तुरीचा दाणा. घामेजल्या केसांवर घाईने लावू नका, कितीही हाका आल्या तरी.

हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आधीचे तीन-चार रविवार कामाला लावा. एका रविवारी केस धुऊन, क्ले लावून, घरातलाच फेटा बांधून तासभर उन्हात फिरा आणि काढून बघा. लोक हसतील, हसू द्या. सलूनवाल्या दादांना सांगा की पुढचे केस फार लांब ठेवू नका. बारीक केस जितके लांब तितके स्वतःच्या वजनाने बसतात. वरचे दोन-अडीच बोटं आणि बाजूचे बरेच कमी ठेवले की वरचे आपोआप जास्त दिसतात. बाजूला मशीन मारायचं तर अगदी शून्य नको, त्याने वरचा विरळपणा उलट उठून दिसतो. कटिंग लग्नाच्या आठ दिवस आधी करा, आदल्या दिवशी नाही.

हे पत्र वाचणारे आणखीही असतील, त्यांच्यासाठी थोडं. केस जाड, सरळ आणि ताठ असतील, भावासारखे, आणि एका बाजूला बसवायचे असतील तर पाण्याचं पोमेड जेलपेक्षाही चांगलं चालेल. ते वाळून कडक होत नाही, चमक हवी तेवढी मिळते आणि एका शाम्पूत निघतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, किंचित ओल्या केसांवर. कुरळ्या केसांच्या मुलामुलींनी क्लेच्या वाटेला जाऊ नये. कुरळे केस मुळातच कोरडे असतात, माती त्यांचं उरलंसुरलं तेल ओढून घेते आणि केस पिंजारतात. त्यांचं काम जेलच करतं. धुतल्यावर पाणी निथळत असतानाच जेल लावा, मुठीत धरून वरच्या दिशेने दाबा, पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका आणि वाळल्यावर कडक झालेल्या बटा मुठीत हलकेच चुरा. मग कडकपणा जातो, वळणं राहतात. अंबाडा घालताना कपाळावर उडणारे बारीक केस बसवायचे असतील तर बोटाच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढं वॅक्स पुरतं.

भाऊ, लग्नाच्या रात्री कितीही दमलात तरी क्ले डोक्यात ठेवून झोपू नका. मेण नुसत्या पाण्याने निघत नाही आणि ओल्या केसांवर शाम्पू लावला तर पहिल्यांदा फेसही येत नाही. कोरड्या केसांवरच थोडं कंडिशनर किंवा चार थेंब खोबरेल चोळा, ते मेणाला सैल करतं. दोन मिनिटांनी शाम्पू, मग पाणी, मग पुन्हा थोडा शाम्पू. दुसऱ्या वेळी फेस भरपूर आला की समजा, निघालं.